सोमवारी चौकशीला हजर राहा: कंपनीची नोटीस हातात पडल्यावर ती कशी वाचायची

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. तेव्हापासून वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतं की आता कंपनी वाटेल त्याला वाटेल तेव्हा काढू शकते. त्यामुळे ‘डोमेस्टिक इन्क्वायरी’ची नोटीस हातात पडली की अनेकांचा धीर सुटतो. नोकरी गेलीच, मग जाऊन करायचं काय, असं वाटून माणूस पहिल्या तारखेला जातच नाही. त्याची केस तिथेच निम्मी हातची जाते.

नवी संहिता चौकशी रद्द करत नाही. निलंबित कामगाराची चौकशी साधारण 90 दिवसांत संपवावी, असं ती उलट सांगते. बदललंय ते हे की स्टँडिंग ऑर्डर्सची, म्हणजे कंपनीच्या लेखी सेवानियमांची सक्ती आता 300 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी आहे. छोट्या कारखान्यातही आरोप न सांगता, बाजू न ऐकता गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढलं, तर तो आदेश कोर्टात टिकवणं कंपनीला जड जातं. मात्र हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. मॅनेजरचा मामला बहुतेक वेळा त्याच्या नेमणूकपत्रावर चालतो आणि तो वेगळा विषय आहे.

## नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे

डोमेस्टिक इन्क्वायरी म्हणजे कामगाराने गैरवर्तन केलं की नाही हे ठरवण्यासाठी कंपनीने स्वतःच घेतलेली चौकशी. चौकशी अधिकारी कंपनी नेमते, आरोप कंपनीच्या बाजूने दुसरा माणूस मांडतो आणि कामगार त्याला उत्तर देतो. आधी आरोपपत्र येतं, त्यावर लेखी खुलासा मागतात, तो पटला नाही तर सुनावणीची नोटीस निघते. कधी आरोपपत्र आणि नोटीस एकाच कागदावर असतात.

सुनावणीत बोललेलं सगळं लिहिलं जातं. पुढे प्रकरण लेबर कोर्टात किंवा ट्रायब्युनलमध्ये गेलं, तर चौकशी नीट झाली की नाही हे न्यायाधीश प्रथम याच कागदांवरून पाहतात. बंद खोलीत तुम्ही काय मागितलं आणि काय नाकारलं गेलं, हे कागदावर नसेल तर ते सिद्ध करणं फार अवघड होतं. म्हणून नोटिशीतल्या प्रत्येक ओळीला लेखी उत्तर द्यायचं, तेही सुनावणीच्या आधी.

एक उदाहरण धरू. मकरपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात रात्रपाळीला काम करणारा एक सीएनसी ऑपरेटर आहे. दांडिया बाजारात राहतो, घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. शुक्रवारी संध्याकाळी त्याला इंग्रजीतली नोटीस मिळते. तिचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

“दिनांक 12 ऑगस्टच्या रात्रपाळीत पहाटे 2 ते 4 या वेळेत तुम्ही मशीन सोडून स्टोअरमध्ये झोपलेले आढळलात. सुपरवायझरने जाब विचारला असता तुम्ही उद्धट वर्तन केलेत व अपशब्द वापरलेत. तुमच्या निष्काळजीपणामुळे माल रिजेक्ट होऊन कंपनीचे नुकसान झाले. तुमचे वर्तन यापूर्वीही समाधानकारक नव्हते. सोमवारी सकाळी 11 वाजता प्रशासन विभागात चौकशीस हजर राहावे. इच्छा असल्यास सहकारी कामगाराची मदत घेता येईल. गैरहजर राहिल्यास चौकशी एकतर्फी चालवण्यात येईल.”

## आरोप वाचताना बोट कुठे ठेवायचं

किराणावाला महिनाअखेरीला नुसतं ‘बाकी साडेतीन हजार’ म्हणाला, तर आपण वही दाखव म्हणतो, कारण कोणत्या तारखेला काय नेलं हे कळल्याशिवाय हिशोब खोडता येत नाही. आरोपाचंही तसंच आहे. काय केलं, कधी, कुठे, कोणासमोर आणि कोणत्या नियमाखाली ते गैरवर्तन ठरतं, हे सगळं त्यात हवं. कामगाराला आरोप स्पष्ट कळवला पाहिजे, ही सुप्रीम कोर्टाने 1963 साली सूर एनॅमल कंपनीच्या प्रकरणात सांगितलेल्या किमान अटींपैकी पहिली अट आहे.

या नोटिशीत चार आरोप आहेत. त्यातला झोपण्याचा आरोप वरवर नेमका वाटतो, पण त्यात तारखेची गोम आहे. रात्रपाळी 12 तारखेला सुरू झाली असली तरी पहाटेचे दोन वाजले तेव्हा 13 तारीख लागली होती. हजेरीपत्रक पाळीची तारीख दाखवतं, सीसीटीव्ही मात्र घड्याळाची. कंपनी 12 तारखेच्या पहाटेबद्दल बोलतेय की 13 तारखेच्या, हे लेखी विचारून घ्यावं. हा वकिली कीस नाही. 12 च्या पहाटे तो आधीच्या पाळीत होता आणि त्या रात्रीचं मशीन, सोबतची माणसं, सगळंच वेगळं असू शकतं.

दुसऱ्या आरोपात ‘अपशब्द’ इतकंच लिहिलंय. कोणते शब्द? ते आरोपात हवेत. ‘आत्ता नाही जमणार’ हेही एखाद्या सुपरवायझरला उद्धट वाटू शकतं, आणि शिवीगाळ ही निराळीच गोष्ट आहे. शब्द दिले नाहीत, तर सुनावणीत साक्षीदार त्याच वेळी आठवतील ते शब्द सांगेल आणि कामगाराला तयारीच करता येणार नाही.

तिसऱ्यात किती नग रिजेक्ट झाले, कोणत्या जॉबचे, कोणी तपासले, यातलं काही नाही. चौथं वाक्य सगळ्यात धोक्याचं असतं, कारण ते सहज नजरेतून सुटतं. जुन्या वॉर्निंग शिक्षा ठरवताना मोजायच्या असतील, तर कोणत्या वॉर्निंग ते कामगाराला आधी सांगून त्याचं म्हणणं घ्यायला हवं.

नियमाचा आकडाही पाहा. गुजरातचंच एक प्रकरण आहे. रसिकलाल वाघजीभाई पटेल विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या 1985 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नियमांत जे गैरवर्तन म्हणून लिहिलेलंच नाही, त्यासाठी शिस्तभंगाची शिक्षा करता येत नाही. त्यामुळे नोटिशीत कलम नसेल तर ‘कोणत्या स्टँडिंग ऑर्डरच्या कोणत्या कलमाखाली’ हे विचारायचं आणि त्या कलमाची प्रत मागायची.

## शुक्रवारी नोटीस, सोमवारी तारीख: हे चालतं का?

तयारीला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. मधे फक्त शनिवार-रविवार असेल तर तो पुरेसा नाही, असं म्हणायला तुम्हाला चांगला आधार आहे. पण म्हणून घरी बसू नका. तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज करा आणि तारखेला हजरही राहा. अर्ज दिला म्हणजे तारीख बदलली असं होत नाही, आणि इथेच कितीतरी जण फसतात.

पहिल्या तारखेला तसंही फारसं घडत नसतं, निदान घडू नये. चौकशी अधिकारी आरोप वाचून दाखवतो, ते मान्य आहेत का विचारतो, कार्यपद्धती सांगतो, साथीदाराचं नाव आणि कागदांची मागणी नोंदवून घेतो. त्या दिवशी एवढंच म्हणायचं: आरोप मान्य नाहीत, कागद मिळाल्यावर सविस्तर बोलू. त्याच वेळी लगेच साक्षी सुरू होऊ लागल्या तर ‘मला तयारीला वेळ मिळालेला नाही’ हा आक्षेप नोंदवायला लावा.

आमच्या ऑपरेटरची अजून एक अडचण आहे. रात्रपाळी सकाळी सातला संपते आणि चौकशी अकराला. रात्रभर जागलेला माणूस साक्षीदाराचा शब्दन् शब्द कसा ऐकणार? चौकशीच्या दिवसांपुरती पाळी बदलून द्या, ही मागणी अर्जात हवी. ती मान्य होईलच असं नाही, पण नाकारली गेली तर तेही कागदावर राहील.

आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला सुनावणीच्या आधी पोचवा. कळवल्याशिवाय गैरहजर राहिलात, तर साक्षीदार येतील, बोलतील, त्यांना कोणी प्रश्न विचारणार नाही आणि त्यांचं सगळं म्हणणं जसंच्या तसं नोंदीत राहील. यालाच एकतर्फी चौकशी म्हणतात. नोटीस न स्वीकारण्यानेही काही साधत नाही. पाकिटावर पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला की कोर्ट साधारणपणे नोटीस मिळाली असंच धरतं.

## भाषा कोणती?

आमच्या वडोदऱ्यात हा प्रश्न नेहमीचा आहे. घरात मराठी, लिहिणं-वाचणं गुजराती, कंपनीचा कागद इंग्रजी. केंद्र सरकारच्या 1946 च्या नियमांमधल्या नमुना स्टँडिंग ऑर्डर्समध्ये पुढे घातलेली एक तरतूद सांगते की चौकशीची नोंद हिंदी, इंग्रजी किंवा कारखाना ज्या राज्यात आहे तिथल्या भाषेत, कामगार पसंत करेल त्या भाषेत करावी. तुमच्या कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये काय आहे ते पाहा, पण मागणी पहिल्याच अर्जात करा. समजत नसलेल्या भाषेतल्या पानावर ‘वाचलं, बरोबर आहे’ असं लिहून सही केली, तर नंतर ‘मला कळलंच नव्हतं’ हे म्हणणं फार लंगडं पडतं.

## साथीदार: वकील नव्हे, पण मशीन ओळखणारा

नोटिशीत ‘सहकारी कामगाराची मदत’ असं आहे. याला डिफेन्स असिस्टंट किंवा बचाव प्रतिनिधी म्हणतात. साथीदार कोण असू शकतो हे स्टँडिंग ऑर्डर्स ठरवतात. केंद्राच्या त्याच नमुन्यात, कामगार ज्या युनियनचा सभासद आहे तिच्या पदाधिकाऱ्याला प्रतिनिधी म्हणून आणण्याची मुभा आहे. नियमात नसेल तर बाहेरचा माणूस आणण्याचा हक्क कोर्टांनी मानलेला नाही.

वकील आणता येईल का, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. एरवी नाही. पण कंपनीनेच आपली बाजू मांडायला वकील किंवा कायद्यात मुरलेला अधिकारी बसवला, तर कामगारालाही वकील नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1983 साली मुंबई बंदराच्या नाडकर्णी प्रकरणात सांगितलं. म्हणून कंपनीकडून कोण बसणार आहे आणि तो कायद्याचा पदवीधर आहे का, हे आधी विचारा.

माझ्या मते अशा केसमध्ये साथीदार निवडताना बोलघेवडा माणूस शोधू नये, त्याच खात्यातला शोधावा. त्याला ते मशीन माहीत असतं, ब्रेकडाऊन कुठे लिहितात ते माहीत असतं, रात्री स्टोअरची चावी कोणाकडे असते हेही माहीत असतं. अडचण एवढीच की असा माणूस घाबरतो. “अरे भाई, उद्या माझ्यावरही काढतील,” असं तो म्हणणार, आणि त्याची भीती खोटी नाही. त्याला जबरदस्ती करू नका. जो तयार होईल त्याची लेखी संमती घ्या, ती अर्जाला जोडा आणि सुनावणीच्या दिवशी त्याला कामातून मोकळं करण्याची मागणीही त्याच अर्जात करा. नाहीतर ऐन वेळी सुपरवायझर त्याला मशीनवरून सोडत नाही आणि ऑपरेटर खोलीत एकटाच बसतो.

साथीदाराचं मुख्य काम उलटतपासणी, म्हणजे कंपनीच्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं. ती कशी चालते ते आमच्या उदाहरणात पाहू. सुपरवायझर साक्षीत म्हणतो, ऑपरेटर स्टोअरमध्ये झोपला होता. आता प्रश्न असे येतात:

“साहेब, तुम्ही स्टोअरमध्ये किती वाजता गेलात?”
“अडीचच्या सुमारास.”
“त्या वेळी मशीन चालू होतं का?”
“बंद होतं.”
“ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये एक चाळीसला कूलंट पंप ट्रिप झाल्याची नोंद आहे. तुम्ही ती पाहिलीत का?”
“नंतर पाहिली.”
“स्टोअरमध्ये लाइट लागलेली होती का?”
“हो.”

इथे थांबायचं. ‘मग तो झोपला होता असं कसं म्हणता?’ हा प्रश्न विचारण्याचा मोह होतो, आणि मग साक्षीदार पाच मिनिटं खुलासा करत बसतो. हवं ते नोंदीत आलेलं आहे. पंप बंद पडला होता, मशीन थांबलेलं होतं, स्टोअरमध्ये दिवा चालू होता. दोनपासून चारपर्यंत झोपला हे सांगणारा साक्षीदार अडीचला एकदाच तिथे गेला होता.

आमच्या ऑपरेटरची एक बाजू कमजोरही आहे. पंप बंद पडल्यावर त्याने सुपरवायझरला फोन केला नाही, फक्त मेंटेनन्सवाल्याला सांगितलं. हे लपवू नये. खुलाशात सरळ लिहावं. झोपणं आणि कळवायला चुकणं यांत शिक्षेच्या दृष्टीने मोठं अंतर आहे, आणि लपवलेली गोष्ट कंपनीने बाहेर काढली तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

## कागद मागायचे ते कसे

कागद दोन प्रकारचे. कंपनी ज्यांच्या आधारे आरोप करते ते, म्हणजे सुपरवायझरचा रिपोर्ट, रिजेक्शनचा तपासणी अहवाल, साक्षीदारांची यादी. हे मिळायलाच हवेत. दुसरे, कंपनीच्या ताब्यातले पण तुमच्या उपयोगाचे. त्यांच्यासाठी कारण द्यावं लागतं. ‘सर्व संबंधित कागदपत्रे द्यावीत’ असं लिहिलं की उत्तर येतं, मागणी मोघम आहे. आमच्या ऑपरेटरने असं लिहावं:

“12 ऑगस्टला सुरू झालेल्या रात्रपाळीचे ब्रेकडाऊन रजिस्टर द्यावे. माझे मशीन 1.40 ला कूलंट पंपामुळे बंद पडले होते, हे त्यावरून दिसेल. स्टोअरच्या दाराकडील सीसीटीव्ही चित्रण 13 ऑगस्टच्या पहाटे 1.30 ते 4.30 या वेळेचे जपून ठेवावे व मला पाहू द्यावे. रिजेक्ट मालाची टॅग व तपासणीची वेळ द्यावी, कारण तो माल कोणत्या पाळीचा आहे याबद्दल वाद आहे.”

सीसीटीव्हीची मागणी त्याच दिवशी करा. रेकॉर्डर भरला की जुन्या चित्रणावर नवं चढतं, आणि कितीतरी ठिकाणी हे काही आठवड्यांतच होतं. ‘जपून ठेवावे’ हे दोन शब्द म्हणूनच महत्त्वाचे.

कारण लिहिण्याचा फायदा पुढे कळतो. एखादा कागद दिला नाही म्हणजे चौकशी आपोआप रद्द होत नाही. स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध एस. के. शर्मा या 1996 च्या निकालापासून कोर्ट अशा बहुतेक त्रुटींत विचारतं की यामुळे कामगाराचं प्रत्यक्ष काय नुकसान झालं? त्याचं उत्तर तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं असतं.

## ‘चौकशी अधिकारी त्यांचाच, मग न्याय कसला?’

ही शंका रास्त आहे. पण चौकशी अधिकारी कंपनीने नेमला, पैसे देऊन बाहेरचा वकील बसवला, एवढ्याने तो पक्षपाती ठरत नाही, असं कोर्टांनी वारंवार म्हटलंय. आक्षेप घ्यायचा तर ठोस हवा. तोच त्या रात्रीचा साक्षीदार आहे, तक्रार त्यानेच केली आहे, किंवा तो मधेच साक्षीदाराला उत्तरं सुचवतोय. असं असेल तर लगेच लेखी द्या. निकाल विरुद्ध गेल्यावर काढलेल्या आक्षेपाला फार वजन राहत नाही.

क्रमही पाहा. आरोप करणाऱ्याने आधी पुरावा द्यायचा असतो. पहिल्याच दिवशी चौकशी अधिकारी ऑपरेटरलाच समोर बसवून ‘तू तिथे काय करत होतास, कोणाला विचारून गेलास’ अशी सरबत्ती करू लागला, तर ‘आधी कंपनीचे साक्षीदार, मग माझं म्हणणं’ असं शांतपणे सांगा आणि ते नोंदवायला लावा. पानावर सही करण्यापूर्वी वाचा. न बोललेलं लिहिलं असेल तर सहीच्या वर आपल्या हाताने तसं लिहा. प्रत्येक दिवसाच्या नोंदीची प्रत घेऊनच उठा.

‘माफीनामा लिहून दे, मिटवून टाकू’ असंही कोणी म्हणेल. काही वेळा खरंच मिटतं. पण त्या कागदात आरोप मान्य असल्याचं वाक्य असेल, तर पुढे चौकशी कंपनीसाठी औपचारिकता उरते. शिक्षा काय होणार हे त्याच कागदावर लेखी असल्याशिवाय सही करू नये.

## निलंबित असाल तर

निलंबनाच्या काळात पहिले 90 दिवस पगाराच्या निम्मा आणि पुढे, उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर, 75 टक्के निर्वाह भत्ता मिळतो. तो मिळत नसेल तर सुनावणीत गप्प बसू नका. 1973 च्या घनश्याम दास श्रीवास्तव प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका निलंबित वनाधिकाऱ्याला भत्त्याअभावी चौकशीच्या गावी जाणंच परवडलं नाही, आणि सुप्रीम कोर्टाने त्याच्या बडतर्फीचा आदेश टिकू दिला नाही. त्याने ही अडचण कळवली होती, हे त्यात महत्त्वाचं होतं.

## सुनावणी संपल्यावर

चौकशी अधिकारी शिक्षा देत नाही. तो प्रत्येक आरोप सिद्ध झाला की नाही, हे कारणांसह लिहितो. इथे पुराव्याची पट्टी फौजदारी कोर्टाइतकी कडक नसते. ‘तसं घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. म्हणून पोलिसांत काहीच नसलं तरी चौकशीत दोषी ठरता येतं.

अहवाल विरुद्ध गेला तर शिक्षेआधी त्याची प्रत कामगाराला मिळालीच पाहिजे, असं 1993 च्या करुणाकर निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आणि ते खाजगी कंपन्यांनाही लागू केलं. प्रत आली की आरोपांचे चार भाग परत वेगळे करा. झोपण्याचा आरोप अडीचच्या एका क्षणावर उभा आहे, अपशब्द कोणते ते अजून सांगितलेले नाहीत, रिजेक्ट माल कोणत्या पाळीचा ते ठरलेलं नाही, जुन्या वॉर्निंग दाखवलेल्या नाहीत. प्रत्येकासमोर नोंदीतलं पान लिहून उत्तर द्या. न कळवण्याची चूक मान्य करून त्यासाठी बडतर्फी फार जड आहे, हेही लिहा. 1971 च्या दुरुस्तीपासून लेबर कोर्टाला शिक्षा तपासून ती कमी करण्याचा अधिकार आहे, आणि कंपनीच्या एचआरलाही ते माहीत असतं.